जमीन राखणारा विमा आणि ट्रॅक्टर राखणारा विमा

गिरणगावातल्या कितीतरी घरांचा एक पाय अजून गावात आहे. लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींत वाढलेल्या माणसांचे काका, भाऊ, चुलतभाऊ कोकणात किंवा घाटावर सातारा, सांगली, कोल्हापुरात शेती करतात. जमीन कसतो गावचा भाऊ, सातबाऱ्यावर नावं मात्र सगळ्यांची असतात. गावाला ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की सुरुवातीच्या रकमेतला काही भाग मुंबईतून जातो आणि डीलरने दिलेल्या कोटेशनचा फोटोही मुंबईतल्याच फोनवर येतो. किंमत, कर्जाचा हप्ता, आरटीओचा खर्च या ओळी कुणालाही कळतात. अडतं ते विम्याच्या ओळीपाशी. तिथे दोन आकडे असतात, एक लहान आणि एक मोठा, आणि गावाकडून एकच प्रश्न येतो: लहान घेतला तर चालेल का?

ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे. फोर्टातल्या विमा कचेऱ्या लालबाग-परळहून बसने अर्ध्या-पाऊण तासावर. न्यू इंडिया अॅशुरन्स १९१९ साली याच शहरात निघाली आणि तिचं मुख्यालय आजही महात्मा गांधी रोडवर आहे. पण पॉलिसीचा कागद तयार होतो मुंबईत आणि त्याची खरी परीक्षा होते वाळवा किंवा कराडच्या रस्त्यावर, ऊस भरलेल्या ट्रॉलीमागे. त्या दोन टोकांमधलं अंतर कमी व्हावं म्हणून पुढची पानं लिहिली आहेत, आणि या प्रस्तावनेत मुख्य मुद्दा सविस्तर मांडतो आहे.

मुद्दा असा. थर्ड पार्टी म्हणजे पोलिसांना दाखवायचा स्वस्त कागद, आणि गावात ज्याला फुल विमा किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात तो म्हणजे खरा विमा, अशी समजूत सर्रास आहे. ती घातक आहे. रकमेच्या हिशेबाने पाहिलं तर थर्ड पार्टीचं संरक्षण कितीतरी मोठं आहे. ते ट्रॅक्टरला एक रुपया देत नाही, पण घरची जमीन वाचवतं. फुल विम्यात तेच थर्ड पार्टी असतं आणि त्याशिवाय ट्रॅक्टरची भरपाई असते. आणि दोन्हींत नसलेली काही माणसं असतात, ती बहुतेक वेळा आपल्याच घरातली.

दसऱ्याला डिलिव्हरी घ्यायची म्हणून वाळवा तालुक्यातले एक ऊस उत्पादक शेतकरी परळला पुतण्याकडे आले होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पुतण्याने मला बोलावून घेतलं. कोटेशन पुढे ठेवत तात्या म्हणाले, "माझा ट्रॅक्टर रानात आणि कारखान्याच्या रस्त्यावर. पुण्या-मुंबईला न्यायचा नाही. मग मला मोठा विमा कशाला?"

मी म्हणालो, "तात्या, आधी लहान विम्याचंच बघू. तुमच्या ट्रॅक्टरखाली कुणी आलं तर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

"जामीन होतो. केस चालते."

"ती पोलिसांची केस. दुसरी केस भरपाईची असते. ती मोटार अपघात न्यायाधिकरणात चालते आणि तिचा आकडा घर हलवतो."

तो आकडा कसा निघतो हे मी त्यांना कागदावर करून दाखवलं, इथेही तसंच करतो. समजा, अपघातात पस्तीस वर्षांचा गवंडी गेला. महिन्याला १८,००० रुपये मिळवत होता, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाची मिळकत २,१६,०००. स्वतःच्या हातावर पोट असलेला माणूस चाळिशीच्या आतला असेल तर पुढे मिळकत वाढली असती म्हणून तीत ४० टक्के मिळवतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरवलं. म्हणजे ३,०२,४०० झाले. घरात अवलंबून असलेली माणसं चार, तेव्हा त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा होतो आणि २,२६,८०० उरतात. आता वयाप्रमाणे गुणक. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे. गुणाकार होतो ३६,२८,८००. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची ठरावीक रक्कम याच्या वर, आणि केस दाखल झाल्यापासूनचं व्याज वेगळं.

तात्यांचा ट्रॅक्टर आठ लाखांचा होता. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे कुणी भरायचं?"

विमा असेल तर कंपनीने. मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत थर्ड पार्टी पॉलिसीला रकमेची वरची मर्यादा नसते, छत्तीस लाख असोत की साठ. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान, म्हणजे दुसऱ्याची गाडी, भिंत, विजेचा खांब, यासाठी मर्यादा असते. ट्रॅक्टरसारख्या वाहनाला ती साधारण साडेसात लाखांची आणि पॉलिसीवर छापलेली असते. विमा नसेल तर ही सगळी रक्कम मालकाने द्यायची, आणि वसुली निघते तेव्हा ती जमिनीवर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ खाली हा विमा सक्तीचा आहे. नसेल तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण दंडाची भीती घालून हा विमा विकावा हे मला पटत नाही. शेतकऱ्याला त्या गवंड्याचा हिशेब दाखवावा. शिवाय थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो. तिथे घासाघीस करण्यासारखं काही नसतं. कंपन्या बदलून जो फरक पडतो तो फक्त ट्रॅक्टरच्या नुकसानीच्या हप्त्यात.

इथे ट्रॉलीची गोष्ट येते, आणि घाटावरच्या शेतकऱ्यासाठी या पुस्तिकेतलं सर्वात महत्त्वाचं प्रकरण तेच आहे. ट्रॉलीला आरटीओकडे स्वतःचा नंबर असतो आणि विम्यातही ती वेगळी लिहावी लागते. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ती आपोआप येत नाही. ट्रॅक्टर शोरूममधून घेतला, ट्रॉली गावच्या फॅब्रिकेटरकडून नंतर बनवून घेतली, आणि विम्यात तिची नोंद कधी झालीच नाही, असं फार वेळा घडतं. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात नेमकं हेच होतं. वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेला मजूर जखमी झाला. विमा ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीचा नव्हता, आणि काम शेतीचं नव्हतं. न्यायालयाने सांगितलं की विमा कंपनी जबाबदार नाही. मजूर गरीब आहे हे पाहून न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरला आणि कंपनीने आधी पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम केला. मजुराला न्याय मिळाला, मालकाच्या डोक्यावरचा बोजा मात्र तसाच राहिला. २००४ च्या दुसऱ्या एका निकालात ट्रॉलीतून भाजी घेऊन निघालेल्या विक्रेत्याचा मृत्यू झाला होता. तिथेही विमा कंपनी जबाबदार धरली गेली नाही, कारण शेतीचा ट्रॅक्टर हे प्रवासी नेण्याचं किंवा भाड्याने माल नेण्याचं वाहन नाही.

तात्यांना हे सांगताच त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग कारखान्याला ऊस नेतो त्याचं काय?" प्रश्न अचूक होता. पॉलिसीवर एक चौकट असते, तिचं शीर्षक 'वापराच्या मर्यादा'. शेतीच्या ट्रॅक्टरला तिथे शेती आणि वनीकरणाचा वापर असं लिहिलेलं असतं. स्वतःचा ऊस स्वतःच्या ट्रॅक्टरने नेणं ही एक गोष्ट. कारखान्याशी वाहतुकीचा करार करून, टनामागे दर घेऊन दुसऱ्यांचा ऊस ओढणं ही दुसरी. दुसऱ्या वापरात कंपनी त्या चौकटीवर बोट ठेवू शकते. गळीत हंगामात वाहतुकीचं उत्पन्न असेल तर प्रस्ताव अर्जावर ते लिहूनच द्यावं, आणि आरटीओची नोंद त्याला साजेशी आहे का हे आधी तपासावं. ऊसतोड मजुरांना ट्रॉलीवर बसवून नेण्याची पद्धत आपल्याकडे रोजची आहे. त्यांच्यासाठी कुठलाही साधा ट्रॅक्टर विमा उभा राहील अशी खात्री देता येत नाही. अपघात त्यांच्यावर येतो, आणि नंतर मालकावर.

परवान्याचंही असंच. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर बाहेरच्या जखमी माणसाला कंपनी पैसे देईल, पण ते तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क ठेवून. फुल विमा असेल तर तुमच्या ट्रॅक्टरचा दावा तर सरळ नाकारला जाईल.

आता मोठ्या आकड्याकडे. फुल विमा आगीसाठी, चोरीसाठी, पुरासाठी, वीज पडणं, गारपीट, दरड, दंगल आणि बाहेरून झालेल्या अपघातासाठी असतो. कोल्हापूर-सांगलीकडे २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना त्यातला पूर हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काय मिळत नाही हे मात्र सांगावं लागतं. इंजिन आपोआप जाम झालं, गिअर तुटला, क्लच झिजला, हे विम्यात नाही. व्यावसायिक वर्गाच्या पॉलिसीत जादा भार आणि ताण यांमुळे झालेलं नुकसानही वगळलेलं असतं, आणि ट्रॅक्टरची पॉलिसी याच वर्गात मोडते. दोन ट्रॉल्यांत क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरून घाट चढताना एक्सल तुटला, तर सर्व्हेअर वजनकाट्याची पावती मागू शकतो.

विम्याची रक्कम ठरते ट्रॅक्टरच्या घोषित मूल्यावर. नव्या ट्रॅक्टरला किमतीतून ५ टक्के वजा करतात. तात्यांच्या आठ लाखांवर ते ७,६०,००० आलं. वर्षाने नूतनीकरण करताना २० टक्के वजा होऊन ६,४०,००० येईल, चार वर्षं झाली की निम्मं उरेल. ट्रॅक्टर चोरीला गेला किंवा भंगार झाला तर कंपनी जास्तीत जास्त एवढंच देते. चोरीच्या दाव्यात पोलिसांची फिर्याद, तपास थांबल्याचा अहवाल, ज्याला पोलीस ठाण्यात 'ए समरी' म्हणतात, आणि दोन्ही चाव्या लागतात. दुसरी चावी गड्याकडे आणि गडी गाव सोडून गेलेला, तर दावा रखडतो. रोटाव्हेटर, नांगर ही अवजारं त्या मूल्यात नसतात. त्यांचंही संरक्षण हवं असेल तर त्याबद्दल वेगळं विचारावं लागतं.

दुरुस्तीच्या दाव्यात सगळ्यांत जास्त निराशा कुठे होते ते एका बिलावर दाखवतो. आठ महिन्यांचा ट्रॅक्टर पाटाच्या बांधावरून घसरून उलटला. बिल झालं १,७५,०००. त्यात पुढचा एक्सल, स्टीअरिंग वगैरे लोखंडी भाग ८०,०००. सहा महिने ते एक वर्ष वयाच्या वाहनाला या भागांवर ५ टक्के घसारा कापतात, म्हणजे ७६,००० मिळतील. बॅटरी ६,००० ची, तिच्यावर निम्मा घसारा, मिळतील ३,०००. मजुरी २४,००० पूर्ण मिळेल. राहिला एक मागचा टायर ३०,००० चा, आणि बॉनेट, मडगार्ड, हेडलाइट व रंगकाम मिळून ३५,०००. साध्या फुल विम्यात या शेवटच्या दोन ओळींचे शून्य रुपये. व्यावसायिक वर्गाच्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंग मुळातच वगळलेले असतात, ट्रॅक्टर पूर्ण गेला तरच ते येतात. म्हणजे १,७५,००० पैकी १,०३,००० हातात, आणि त्यातूनही पॉलिसीवर लिहिलेली अनिवार्य वजावट जाणार.

हे वगळलेले भाग परत आत आणणारं कलम आहे. त्याचं नाव 'आयएमटी २३', आणि थोडा जादा हप्ता भरून ते मिळतं. ते घेतलं असतं तर टायरचे निम्मे १५,००० आणि बाकीच्या भागांचे घसारा कापून उरलेले पैसे मिळाले असते. ट्रॅक्टर उलटतो तेव्हा मडगार्ड, बॉनेट आणि दिवेच आधी जातात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नव्या ट्रॅक्टरला फुल विमा घ्यायचा तर आयएमटी २३ सकटच घ्यावा. कोटेशनवर ते कलम नसतं, कारण त्याने एकूण आकडा वाढतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या डीलरकडे जातं. तात्यांच्या कोटेशनवरही नव्हतं.

शेवटी घरातली माणसं. तात्या स्वतः ट्रॅक्टर चालवत नाहीत, त्यांच्याकडे परवाना नाही. ट्रॅक्टर त्यांच्या नावावर होणार होता, कारण जमीन आणि कर्ज त्यांच्या नावावर. चालवणार मुलगा. पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पण तो नोंदणीकृत मालकाला, आणि त्याच्याकडे परवाना असेल तरच. मुलगा मालक नाही, म्हणून त्याला तो नाही. मुलगा तिसरी व्यक्तीही नाही. दुसऱ्याचं वाहन मागून चालवणारा माणूस मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली म्हटलं आहे. म्हणजे चूक मुलाची असेल आणि ट्रॅक्टर त्याच्याच अंगावर उलटला, तर फुल विमा असूनही त्याच्या बायकोला या पॉलिसीतून काही मिळणार नाही. ट्रॅक्टर उलटून चालवणारा दबणं हा गावातला नेहमीचा अपघात आहे, आणि नेमका तोच उघडा राहतो. पगारी ड्रायव्हर असेल तर कामगार भरपाईच्या कायद्याइतकं संरक्षण त्याला पॉलिसीतच असतं. पोटच्या मुलाला तेवढंही नसतं.

तात्यांना मी दोन वाटा सांगितल्या. एक, मुलाच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यायचा, ट्रॅक्टर चालवणं हे काम अर्जात स्पष्ट लिहून. दुसरी, बँकेला चालत असेल तर ट्रॅक्टरची नोंदणीच मुलाच्या नावाने करायची. त्यांनी पहिली निवडली. डीलरला फोन करून नवं कोटेशन मागवलं: फुल विमा, आयएमटी २३, ट्रॉलीचा नंबर घातलेला, आणि बँकेच्या बोजाची नोंद. बोजाची नोंद नसेल तर मोठ्या दाव्याच्या वेळी कागदपत्रांत गोंधळ होतो. कर्ज असेतो बँक फुल विमाच मागते, तेव्हा पहिली काही वर्षं निवडीचा प्रश्न तसा कमीच असतो. प्रश्न असतो त्यात काय-काय आहे हा.

निवडीचा खरा प्रश्न पुढे येतो. नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, ट्रॅक्टरला तसं नाही. त्याची पॉलिसी दर वर्षी संपते. दसऱ्याला घेतलेल्या ट्रॅक्टरची तारीख बरोबर गळीत हंगाम सुरू होताना येते, आणि तेव्हा कुणाला सवड नसते. एक दिवस जरी खंड पडला आणि त्या दिवशी अपघात झाला, तर छत्तीस लाखांचा तो हिशेब सगळा मालकावर. खंडानंतर फुल विमा परत हवा असेल तर कंपनी ट्रॅक्टरची पाहणी केल्याशिवाय देत नाही. कर्ज फिटलं, ट्रॅक्टर सहा-सात वर्षांचा झाला, त्याचं मूल्य उतरलं आणि मोडतोड झाली तर घरच्या पैशांतून दुरुस्त करण्याची ऐपत असेल, तर तेव्हा फक्त थर्ड पार्टीवर येणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण त्या वर्षीही ट्रॉलीचा नंबर पॉलिसीवर हवा आणि चालवणाऱ्याचा अपघात विमा चालू हवा. ट्रॅक्टर जुना झाला म्हणून या दोन गोष्टींचा धोका काही कमी होत नाही.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. मुंबईची माणसं इथे चूक करतात, गावच्या ट्रॅक्टरची तक्रार मुंबईच्या लोकपालाकडे घेऊन येतात. मुंबईच्या कार्यालयाकडे मुंबई महानगराचा भाग आहे. सांगली, सातारा, कोल्हापूरची तक्रार पुण्याच्या लोकपालाकडे जाते. अर्जाचा नमुना आणि सोबत जोडायच्या कागदांची माहिती शेवटच्या प्रकरणात दिली आहे. वापराच्या मर्यादांची चौकट कशी वाचायची हे मात्र पहिल्याच प्रकरणात घेतलं आहे, ते प्रस्ताव अर्जावर सही होण्याआधी वाचावं.